विराणीतील स्त्री आणि तिच्याविषयी लिहिणारा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापुरास पोहोचते, आणि या वाटेवरच्या दिंड्यांत वारकरी भजनाच्या क्रमानुसार गौळणीही म्हटल्या जातात. गौळण म्हणजे कृष्णाच्या ओढीने बोलणाऱ्या गोपीचे पद. तिच्याच जवळची विरहिणी, जिला तुकोबांच्या गाथेत ‘विराणी’ म्हटले आहे, ती प्रियकराच्या वियोगाने किंवा ध्यासाने बोलते. रचणारा पुरुष, गाणारा बहुधा पुरुष आणि बोलणारी मात्र स्त्री, ही या पदांची घडण असून तिच्यावर निबंध लिहिणाऱ्याची पहिली अडचणही तीच आहे.

प्रचलित गाथेच्या आरंभी, मंगलाचरणानंतर, विराण्यांचे २५ अभंग येतात. त्यांत बोलणारी स्त्री संसारी असून परपुरुषाच्या, म्हणजे देवाच्या, नादी लागली आहे; लोकांनी वाळीत टाकले, बदफैली म्हटले, तरी ती मागे फिरायला तयार नाही. यावर सर्वात सोपे भाष्य असे की हे रूपक आहे, स्त्री म्हणजे जीव आणि परपुरुष म्हणजे परमात्मा. हे खोटे नाही, परंतु निबंध तेथेच थांबला की ती स्त्री नाहीशी होते आणि रूपकासाठी नेमकी व्यभिचारिणीच का निवडली, हा प्रश्न विचारलाच जात नाही. उलट टोकाला, कवीच्या स्वभावात स्त्रीत्व होते असा चरित्रात्मक निष्कर्ष काढणारा निबंध रचनेला जबानी समजतो.

या दोहोंमधली वाट एका साध्या कसोटीने सापडते. बोलणाऱ्या स्त्रीच्या जागी पुरुष कल्पावा आणि अभंगातले काय ढासळते ते पाहावे. देवाची ओढ टिकते, संसाराचा कंटाळाही टिकतो. ढासळते ती बदनामी. सतराव्या शतकातला पुरुष भजनाला लागला तर लोक त्याला वेडा किंवा निरुद्योगी म्हणतील, पण ज्या एका शब्दाने स्त्रीचे माहेर, सासर आणि गावातले स्थान सगळेच संपते, तसा शब्द त्याच्यासाठी समाजाकडे नव्हता. स्वतःपाशी नसलेली ही हानी कवी स्त्रीच्या आवाजातून उसनी घेतो, कारण सर्वस्व टाकणे म्हणजे काय हे तिच्याखेरीज पुरते सांगता येत नाही. या उसनवारीने काव्याला काय मिळाले आणि ज्या स्त्रियांना तो शब्द खरोखर ऐकावा लागे त्यांचे काय झाले, हे दोन्ही प्रश्न निबंधाने शेजारी ठेवले पाहिजेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी स्त्रियांची स्वतःची रचना समोर लागते. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत भजनापायी पतीकडून झालेली मारहाण सांगतात, आणि तरीही पातिव्रत्याचा पुरस्कार करून भक्ती व संसार यांचा मेळ घालू पाहतात. येथून स्त्री असे रूपक वापरणारच नाही असा नियम काढावासा वाटतो. पण जनाबाईंच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगातली बोलणारी पदर ढळल्याची पर्वा न करता भर बाजारात जाण्याची आणि देवापायी वेश्या झाल्याची भाषा करते. म्हणून प्रतिमेवरून कवीचे लिंग ठरवता येत नाही. तीच प्रतिमा कोण कोणत्या जोखमीने उचलतो, एवढेच सांगता येते.

पुराव्याबाबतही सावधपणा लागतो. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग कधी उघड करते, कधी झाकते: ‘गेले’ आणि ‘गेलो’ यांत ते कळते, ‘जाईन’मध्ये कळत नाही, आणि ‘केले’ हे रूप कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. त्यामुळे एखादी ओळ स्त्रीची आहे असे म्हणताना आधार क्रियापदाचा आहे, सासर-माहेर या नात्यांचा आहे की केवळ संपादकाने दिलेल्या शीर्षकाचा, हे निबंधात नोंदवावे. शेवटच्या चरणातली नाममुद्रा, म्हणजे कवीने गुंफलेले आपले नाव, ही तर स्वतंत्रच जागा आहे. ‘तुका म्हणे’ येताच स्त्रीच्या बोलण्यावर पुरुषाचे नाव उमटते; त्यानंतरचे शब्द कधी तिचेच चालू राहतात, तर कधी कवी बाहेर येऊन तिच्याविषयी बोलतो, आणि प्रत्येक अभंगात हे वेगळे पाहावे लागते.

म्हणून मुद्रेपर्यंतच्या ओळींचा कर्ता निबंधात ‘विरहिणी म्हणते’ असा लिहावा आणि ‘तुकोबा म्हणतात’ हे शब्द मुद्रेनंतरच्या, कवीच्याच ठरलेल्या बोलण्यासाठी राखावेत. हा भेद पाळणाऱ्या लेखकाला प्रत्येक उद्धरणापाशी थांबून बोलणारे कोण हे ठरवावेच लागते, आणि जेथे ते ठरत नाही तेथे तसे स्पष्ट लिहिणे हाच त्या ओळीचा प्रामाणिक अर्थ असतो.