एकदाच दाब!

दिवाळीत नाशिकला गेलो होतो. संध्याकाळी आई टीव्हीसमोर बसली, रिमोटचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून शांत बसली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. पाच-सहा सेकंदांनी तिन्ही दाबण्यांचा हिशेब टीव्हीने एकदम चुकता केला आणि भलतंच काहीतरी उघडलं. अण्णा पेपराआडून म्हणाले, "अगं, एकदाच दाब!" आई माझ्याकडे बघून ओशाळं हसली. "मला नाही रे जमत हे आताशा."

ते "आताशा" मला लागलं. याच टीव्हीवर ती २०१७ पासून स्वतःच्या स्वतः सगळं लावत आलीये.

अण्णांनी तर नवीन टीव्ही घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. मी म्हटलं, जरा थांबा, आधी बघू दुखणं कुठे आहे. सेट टॉप बॉक्सवर बातम्या लावल्या. चित्र झकास, आवाज ठणठणीत, चॅनेल पटापट बदलत होते. म्हणजे पडदा शाबूत होता. ॲपमध्ये एकदा सिनेमा सुरू झाला की तोही अडकत नव्हता, त्यामुळे इंटरनेटलाही दोष देता येईना. रखडत होता तो फक्त टीव्हीचा स्वतःचा मेन्यू. (रिमोटचे सेल आधीच बदलून पाहिले होते. उगाच कुणी कमेंटमध्ये विचारायला नको!)

मग भिंतीवरचं बटण बंद करून दोन मिनिटं थांबलो. रिमोटने आपण टीव्ही "बंद" करतो तेव्हा तो बहुतेक वेळा नुसता डुलकी घेतो, मेमरीत साचलेलं तसंच राहतं. परत चालू केल्यावर तासभर बरा चालला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज पाहिलं. आठ जीबीतले निम्म्याहून जास्त सिस्टिमनेच खाल्लेले आणि मोकळे उरलेले जेमतेम दोनशे एमबी! कुणी कधी न उघडलेली सात ॲप्स काढली, बाकीच्यांचा कॅशे पुसला. होम स्क्रीन यायला बारा सेकंद लागत होते, ते सातवर आले. म्हणजे ओझं होतं हे खरं. पण सात सेकंद म्हणजेही काही कमी नाहीत.

शेवटी फॅक्टरी रिसेट. हे करण्याआधी सगळे पासवर्ड वहीत उतरवून घ्या बरं का, कारण टीव्ही सगळं विसरतो. माझ्यासाठी खरी परीक्षा इथेच होती. रिसेट झाल्यावर एकही ॲप न टाकता, वायफायही न जोडता मी नुसता सेटिंगचा मेन्यू खालीवर फिरवला. तो जर सरसर चालला असता, तर सगळा दोष ओझ्याचा ठरला असता आणि चार ॲप्सवर भागवता आलं असतं. पण रिकामा टीव्हीसुद्धा प्रत्येक बटणाला दोन सेकंद घेत होता. एक जीबी रॅम आणि तेव्हाच बेताचा असलेला प्रोसेसर. वर्षागणिक सिस्टिमचे अपडेट जड होत गेले आणि बिचारा तिथेच राहिला. शिवाय आतली साठवणाची चिपही हजारदा लिहून-पुसून मंदावते म्हणतात.

तर मेंदू म्हातारा, पडदा तरुण. अशा वेळी बाहेरची स्ट्रीमिंग स्टिक उपयोगी पडते, कारण मेन्यू आणि ॲप्स स्टिकच्या प्रोसेसरवर चालतात. टीव्हीने फक्त दाखवायचं. पडद्यावर रेघा असत्या, एक बाजू काळवंडली असती किंवा एचडीएमआयचा सॉकेटच ढिला असता, तर मात्र स्टिकचे पैसे पाण्यात गेले असते.

दुसऱ्या दिवशी स्टिक आणली आणि पहिली चूक मीच केली. वायर नको म्हणून तिला टीव्हीच्याच यूएसबीमधून वीज दिली. ती मध्येच बंद पडून नव्याने सुरू होऊ लागली. तिथून मिळणारी वीज तिला पुरेना. सोबतचा ॲडाप्टर भिंतीत लावला आणि कटकट मिटली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केलं, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्हीही चालू-बंद होतो. टीव्हीचं स्वतःचं वायफाय मुद्दाम तोडलेलंच ठेवलं. आता त्याने अपडेट आणायचेच नाहीत.

अण्णांनी "इतक्याशा काडीने?" म्हणून दोनदा मागे वाकून पाहिलं.

संध्याकाळी आईने बटण दाबलं. मालिका लगेच सुरू झाली, तिचा हात मांडीपर्यंत पोचायच्या आतच. ती दचकलीच. "अरे, मी एकदाच दाबलं होतं हं!" असं अण्णांकडे बघून म्हणाली.