दोन ओळींमधली जागा

बी.ए.च्या पहिल्या वर्षातला तो मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात अर्थशास्त्राच्या नोट्स होत्या आणि एक प्लॅस्टिकची पट्टी. वाचताना तो पट्टी ओळीखाली धरायचा आणि एक-एक ओळ करत खाली सरकवायचा. डिस्लेक्सियाचं निदान शाळेतच झालेलं. मी कॉलेजात अशा मुलांसाठी अभ्याससाहित्य तयार करण्याचं काम करते, म्हणून सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. "मॅडम, वर्गात सर बोलतात ते कळतं. कागद समोर आला की ओळी एकमेकींत जातात," असं तो म्हणाला.

मी कागद हातात घेतला. ए-फोर पान, ११ पॉइंटचा टाइप, ओळींमधलं अंतर एकपट, मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवलेला. डोळ्यांजवळ धरल्यावर त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. वरच्या ओळीतल्या 'वस्तू'चा दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या 'किंमत'च्या वेलांटीला जवळजवळ टेकला होता. देवनागरी अक्षर तीन मजल्यांचं असतं: मधे व्यंजन, वर वेलांटी-मात्रा-रफार-अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एकपट अंतरात वरच्याचा तळमजला आणि खालच्याचा माळा एकाच पट्टीत येतात. सरावलेला वाचक शब्दाच्या आकारावरून पुढे निघून जातो. ज्याला प्रत्येक अक्षर उलगडावं लागतं, त्याला मात्र हा उकार कुणाचा, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

म्हणून मी पहिल्यांदा ओळींमधलंच अंतर वाढवते. वर्डमध्ये मजकूर निवडून Ctrl+5 दाबलं की ते दीडपट होतं. बऱ्याच फॉन्टना तेवढं पुरतं. मात्रा उंच असतील तर १.७ किंवा १.८ करते. टाइप १४ पॉइंटचा. फॉन्ट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, कारण त्यांच्या रेघांची जाडी जवळपास सारखी असते आणि घ-ध, भ-म, थ-य या जोड्या वेगळ्या ओळखू येतात. मात्र फॉन्ट निवडताना मी या जोड्या छापून मुलालाच दाखवते. निवड त्याची.

पुढची पायरी अक्षरांतल्या अंतराची, आणि इथे इंग्रजीसाठीचा सल्ला जसाच्या तसा उचलला की फसगत होते. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेला एक अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. अक्षरांमधली जागा वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं अधिक अचूक आणि अधिक वेगाने वाचू लागली. पण रोमन लिपीतली छापील अक्षरं मुळातच सुटी उभी असतात. आपला शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. वर्डमध्ये मराठी शब्दाची अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते, काना व्यंजनापासून दूर जातो, आणि 'मागणी' हा एक शब्द न राहता सुटे तुकडे दिसतात. सुरुवातीच्या काळात मी ही चूक केली आहे. तो कागद मुलांना पहिल्यापेक्षा जड गेला होता.

मराठीत ही जागा दोन शब्दांच्या मधे द्यायची असते. वर्डमध्ये शब्दांतरासाठी वेगळं बटण नाही, पण वाट आहे. शोधा-बदला चौकटीत दोन्ही रकान्यांत फक्त एक मोकळी जागा टाइप करायची आणि बदलायच्या जागेला Font > Advanced > Spacing > Expanded मधून २ पॉइंट द्यायचे. शब्द अखंड राहतात, त्यांच्यामधली दारं रुंद होतात. सोबत Ctrl+L दाबून मजकूर डावीकडे लावायचा. दोन्ही कडा ताणल्या की मराठीतल्या लांब सामासिक शब्दांमुळे एका ओळीत खिंडारं पडतात आणि पुढच्या ओळीत दाटी होते. उजवी कड वेडीवाकडी राहिली तर उलट मदतच होते. प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी संपते, त्यामुळे नजर परतताना चुकत नाही.

ओळ लांब असली की हा परतीचा प्रवासही लांबतो. मी डावा समास ३ सेंटिमीटर आणि उजवा ६ ठेवते. मधे १२ सेंटिमीटरची ओळ उरते, त्यात आठ-नऊ शब्द बसतात. उजवीकडची मोकळी जागा मुलाच्या स्वतःच्या खुणांसाठी. ओळ आखूड करण्यासाठी मधेच एंटर मात्र मारायचा नाही. तीच फाइल मोबाइलवर उघडली की ओळी अर्ध्यात तुटून दोन-दोन शब्द खाली लोंबतात.

इतकं झाल्यावर मजकुराला हात घालायचा. त्याच्या नोट्समधलं एक वाक्य असं होतं: 'इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढल्यास मागणी घटते व किंमत घटल्यास मागणी वाढते, म्हणजेच किंमत व मागणी यांत व्यस्त संबंध असतो, मात्र गिफेन वस्तू व प्रतिष्ठेच्या वस्तू यांबाबत हा नियम लागू पडत नाही.' नियम, अट, संज्ञा आणि अपवाद, चौघेही एका वाक्यात कोंबलेले. आम्ही ते असं मांडलं:

मागणीचा नियम काय सांगतो?
किंमत वाढली की मागणी घटते.
किंमत घटली की मागणी वाढते.
या संबंधाला व्यस्त संबंध म्हणतात.

अट कोणती?
इतर परिस्थिती कायम हवी.
उदा. ग्राहकाचं उत्पन्न, त्याची आवड.

नियम कुठे लागू पडत नाही?
१. गिफेन वस्तू
२. प्रतिष्ठेच्या वस्तू

यात एकही संकल्पना गाळलेली नाही. 'व्यस्त' हा शब्द अवघड म्हणून काढला असता, तर परीक्षेत तो त्याला अनोळखी वाटला असता. मजकूर सुटा करायचा, पातळ करायचा नाही. ठळक टाइप फक्त शीर्षकाला आणि संज्ञेला. अधोरेखा कधीच नाही, कारण ती उकार कापत जाते. तिरका टाइपही नाही. आणि दोन तुकड्यांमधली जागा दोन ओळींमधल्या जागेपेक्षा ठळकपणे मोठी हवी. हे विसरलं की सगळ्या ओळी सारख्याच दूर दिसतात आणि तुकडा कुठे संपला ते कळत नाही. पान हातभर लांब धरून पाहायचं. अक्षरं वाचता येत नसतानाही तीन ठोकळे मोजता आले, तर मांडणी जमली.

मांडणी लागू पडली का, हे मी मुलाला मोठ्याने वाचायला लावून ठरवते. ओळ किती वेळा सुटली, तीच ओळ पुन्हा किती वेळा लागली, एवढंच टिपते. या मुलाचं ओळी सुटणं जवळजवळ थांबलं. 'प्रतिष्ठेच्या'पाशी मात्र तो तेव्हाही अडला. जोडाक्षर उलगडायला लागणारा वेळ मांडणीने कमी होत नाही. त्यासाठी उच्चारांचा वेगळा सराव आणि परीक्षेतला वाढीव वेळ लागतो. पण ओळ शोधण्यात खर्च होणारं लक्ष वाचलं, आणि तेच त्याला त्या जोडाक्षरासाठी वापरता आलं.

सत्राच्या शेवटी तो पुन्हा आला. छापील पाठ्यपुस्तकावर पट्टी तशीच होती. आमच्या नोट्सच्या उजव्या समासात मात्र त्याने पेन्सिलीने गिफेन वस्तूसाठी स्वतःचं उदाहरण लिहिलं होतं, आणि त्या पानावर पट्टी नव्हती.