हळदीच्या आदल्या संध्याकाळी

माझ्या भाचीच्या डोळ्यावरची रांजणवाडी एका पाहुण्या बाईंनी हळदीच्या आदल्या संध्याकाळी नखांत धरून दाबली, याचा राग अजून जात नाही. पंचवटीतलं लग्नघर, फोटोंची चिंता, हे सांगायला नकोच. पापणीच्या केसाच्या मुळाशी पांढरं टोक दिसत होतं. "पिकलीय गं, पू काढला की मोकळी होशील," म्हणाल्या आणि दाबलीच. पोरगी कळवळली, तरी कोणी हात धरला नाही.

सकाळी अख्खी पापणी लालभडक सुजली, डोळा उघडेना. नेत्रतज्ज्ञांनी पापणी उचलून तिला डोळा चहूकडे फिरवायला सांगितला. हलवताना दुखतं का, एकाचे दोन दिसतात का, ताप आहे का, हे विचारलं. यातलं काहीच नव्हतं, म्हणून अँटिबायोटिक गोळ्यांवर भागलं. संसर्ग डोळ्यामागे पोचला असता तर लग्न सोडून इस्पितळात दाखल व्हावं लागलं असतं. पापणीची कातडी पातळ, खालचा भाग सैल. दाबलं की पू बाहेर येतो तसा आतही पसरतो.

मग शेक. घरात कोणी लवंग उगाळायला बसलं होतं, ते मी थांबवलं. स्वच्छ फडकं कोमट-गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि मगच मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचं. नाशिकच्या थंडीत ते दोन मिनिटांत गार होतं, आणि गार फडक्याचा उपयोग नाही. म्हणून ते पुन्हा पुन्हा बुडवत पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पापणीतल्या ग्रंथींचं घट्ट झालेलं तेल अशा सलग उबेने पातळ होतं आणि वाट मोकळी होते. उकळतं पाणी किंवा थेट वाफ नको, पापणी भाजते.

सूज उतरली, पण मागे वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ राहिली. तिला कॅलेझियन म्हणतात: अडलेलं तेल आत झिरपतं आणि त्याभोवती गाठ धरते. तिच्यात पू नसतो, त्यामुळे दाबून काही निघत नाही. शेकाने ती काही आठवड्यांत विरते. नाहीच विरली तर पापणीच्या आतून छोटा छेद देऊन काढतात. उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा झाली तर तुकडा तपासायला पाठवतात, कारण क्वचित तो कर्करोग असतो.

मी सगळा दोष त्या बाईंवर टाकला होता. डॉक्टर म्हणाले, सुजेचं कारण दाबणं असू शकतं, पण गाठ न दाबताही झाली असती. तिच्या पापण्यांच्या कडांना कित्येक महिने कोंड्यासारख्या खपल्या होत्या, आणि आम्ही ती झोपेची घाण समजत होतो. आता शेकानंतर खपल्या मऊ झाल्या की ती ओल्या कापसाने पापणीची कड हलकेच पुसते, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. गाठ विरली. त्या बाईंशी मी अजून बोललेली नाही.