आतेभावाचा अमेरिकन प्लेस्टेशन

मी आठवीत असताना आतेभाऊ न्यू जर्सीहून इंदूरला आला आणि जाताना त्याचा जुना प्लेस्टेशन २ मला देऊन गेला. मी प्लग लावणार, तोच बाबांनी मागचं लेबल वाचलं: १२० व्होल्ट. आपल्या २३० वर तो तिथेच जळाला असता. दुसऱ्या दिवशी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला, शंभर वॉटचा पुरला.

मशीन सुरू झालं, पण चित्र काळंपांढरं! आम्हाला वाटलं, बिघडलं. बिघाड नव्हताच. पिवळ्या पिनच्या वायरीतून रंग एनटीएससी पद्धतीने येत होता आणि आमच्या टीव्हीला फक्त पाल कळत होतं. उजेड-अंधार समजे, रंग नाही. मग लाल-हिरव्या-निळ्या पिनांची कंपोनंट केबल आणली आणि मशीनच्या सेटिंगमध्ये `Y Cb/Pb Cr/Pr` निवडलं. या केबलमध्ये रंग वेगळ्या तारांतून येतो, पद्धतीचा प्रश्नच उरत नाही. टीव्हीला फक्त ६० हर्ट्झ झेपायला हवं. आमच्या टीव्हीला झेपलं.

डिस्कचं मात्र काही जमलं नाही. इथे घेतलेला गेम घातला की लाल पडदा. सिनेमाच्या डीव्हीडीचंही तेच: अमेरिका रीजन १, आपण ५. दादाच्या डिस्क, मेमरी कार्ड, कंट्रोलर सगळं चालायचं. त्याचा अर्धवट सोडलेला गेम मी पुढे नेला.

आणि आजीची भक्तिगीतांची सीडी! ऑडिओ सीडीला रीजन नसतो. संध्याकाळी मशीन तिच्या ताब्यात.