केसांचा तीन महिन्यांचा उशीर

आमच्या आजीकडे केस विंचरण्याचा एक नेम होता. विंचरून झालं की फणीतलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायचं आणि भिंतीच्या खोबणीत खोचून ठेवायचं. केसांवर सुया-पिना देणारी बाई दारावर आली की तो सगळा साठा बाहेर निघायचा. कुणाच्या डोक्याचं गुंतवळ वाढलंय हे आजीला त्या खोबणीवरून कळत असे. मोठी काकू बाळंत झाल्यावर तिचे केस मुठीमुठीने जायला लागले, तेव्हा आजी नुसती म्हणाली, "पोर आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतातच." कुणीही घाबरलं नाही.

माझे केस तसेच जायला लागले तेव्हा मात्र घरात बाळ नव्हतं. गर्भनिरोधक गोळ्या मी उन्हाळ्याच्या अखेरीस बंद केल्या होत्या, कित्येक वर्षं घेतल्यानंतर. पुढे सगळं ठीक होतं. गणपतीच्या सुमारास न्हाणीघराची जाळी तुंबू लागली. घरात प्रत्येकाचा संशयित वेगळा: बोअरचं पाणी, नवा शाम्पू, रात्रीची जागरणं. गोळ्यांचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण त्या सुटून केव्हाच काळ लोटला होता.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी गळलेला एक केस मागितला आणि उजेडात धरून मला दाखवला. मुळाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढाही नाही. तो पाहून मी हादरले. मूळच उपटून आलं असं वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे मूळ नव्हे. मूळ आत शाबूत आहे. हा केस आपली मुदत संपवून सुटलाय. तीन महिन्यांपूर्वी काय बदललं ते सांगा."

त्यांचं गणित असं. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि दोन-तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. मग गळतो. एरवी केसांच्या या पाळ्या वेगवेगळ्या चालतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी जाणवत नाही. गोळीतलं इस्ट्रोजेन वाढीचा काळ लांबवतं. ज्यांची जायची वेळ झाली तेही डोक्यावर टिकून राहतात. गोळी बंद झाली की हा आधार जातो आणि असे थांबून राहिलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला बसतात. ती विश्रांती संपते तेव्हा सगळे बरोबरच निघतात. गरोदरपणात वाढलेलं इस्ट्रोजेन बाळंतपणानंतर उतरतं, तेव्हा हेच घडतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ माणसं ओळखू लागतं आणि केसही तेव्हाच जातात. आजीचा कार्यकारणभाव चुकला होता, पण तिची तारीख अचूक होती.

अशा गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. ती बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरते. माझी दिवाळीनंतर कमी झाली. वसंतात भांगाच्या कडेला बोटभरही नसलेले केस ताठ उभे राहिले, तेलाने बसवले तरी बसेनात. हीच खूण पाहायची असते. पण गळती थांबणं आणि वेणी भरणं यांत मोठं अंतर आहे. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. डोकं भरल्यासारखं दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा पुन्हा जाड व्हायला त्याहून पुष्कळ जास्त. मधल्या काळात महागडं तेल लावलं की श्रेय त्याला मिळतं. तेलवाल्यांचा धंदा या तीन महिन्यांच्या उशिरावरच चालतो, असं माझं मत झालंय.

सगळ्याच जणींचं असं आपोआप सुटत नाही. पाळीच्या तक्रारींसाठी किंवा पीसीओएससाठी गोळ्या घेतल्या असतील, तर त्यांनी पुरुषी संप्रेरकांचा जोरही दाबून ठेवलेला असतो. गोळी सुटल्यावर तो पुन्हा वर येतो. तेव्हा केस सगळीकडून सारखे जात नाहीत; भांग रुंदावत जातो आणि नवे केस आधीपेक्षा बारीक येतात. ते वाट पाहून भरत नाहीत, त्यावर उपचार लागतात. शिवाय गोळ्यांवर रक्तस्राव कमी असतो. त्या सुटल्यावर पाळी जोरात येऊ लागली तर शरीरातलं लोह उतरतं आणि गळती लांबते.

म्हणून सहा महिने उलटूनही जाळी तुंबतच असेल, भांग रुंद दिसत असेल किंवा कुठे गोल चकती पडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. आणि गर्भनिरोधक गोळीचं नाव व ती बंद केल्याची तारीख लिहून न्या.