तीस दिवसांची खिडकी

२८ फेब्रुवारी २०२४, सेलू

तुरीची आवक जोरात आहे आणि हरभराही येऊ लागलाय. आमच्या शेतकरी कंपनीच्या केंद्रांवरचा ‘गेल्या ३० दिवसांची आवक’ हा तक्ता पहाटे पाचला आपोआप ताजा होतो. आज सकाळी सहाला हाताने ताजा केला, तर आकडा बदलला. मधल्या तासात केंद्राचं दारही उघडलेलं नव्हतं.

कारण घड्याळात सापडलं. सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. ‘आजच्या आदला दिवस’ मागितला की पाच वाजता तो परवाचा दिवस देतो आणि सहा वाजता कालचा. म्हणून शेवटची तारीख आपल्या वेळेनेच काढायची, आणि आजचा अर्धवट दिवस बाहेर ठेवायचा:

```sql
SELECT (now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date - 1 AS shevat;
```

खिडकी `shevat - 29` पासून `shevat` पर्यंत. दोन्ही टोकं धरायची असतील तर वजाबाकी २९ चीच. ३० वजा केले की दिवस ३१ होतात.

१ मार्च

आज शेवटची तारीख २९ फेब्रुवारी, म्हणजे खिडकी ३१ जानेवारी ते २९ फेब्रुवारी. मोजून तीस दिवस. शेजारी गेल्या वर्षीची खिडकी आहे, ती दोन्ही टोकांतून एकेक वर्ष वजा करून काढलेली. २०२३ मध्ये २९ फेब्रुवारी नाही, त्यामुळे पोस्टग्रेस २८ वर थांबतो. ३१ जानेवारी ते २८ फेब्रुवारी हे भरतात २९ दिवस. तीस दिवसांची तुलना एकोणतीस दिवसांशी होते आणि यंदाची आवक उगाच वाढलेली दिसते.

हे एका दिवसाचं दुखणं नाही. उद्याची खिडकी १ फेब्रुवारी ते १ मार्च. २०२३ मध्ये त्याच तारखांत पुन्हा २९ दिवस. २८ मार्चला संपणाऱ्या खिडकीपर्यंत हे असंच चालेल. २९ मार्चला संपणाऱ्या खिडकीची सुरुवातच २९ फेब्रुवारीला होते, ती सरकून २८ वर येते आणि दिवस पुन्हा तीस भरतात. चूक आपोआप नाहीशी होते, म्हणून कुणी तिच्या मागे लागत नाही. उपाय साधा आहे: फक्त शेवटचं टोक मागे न्यायचं आणि तिथून २९ दिवस वजा करायचे. तक्त्याच्या माथ्यावर पहिली तारीख, शेवटची तारीख आणि दिवसांची संख्या छापायला आजपासून सुरुवात केली. असली गफलत तिथे लगेच दिसते.

४ मार्च

केंद्रावरच्या काकांचा फोन. “साहेब, आवक घटली म्हणता, पण काट्यावर तर रोज तेवढीच रांग हाय.”

काकांचं खरं होतं. खिडकी ३ फेब्रुवारी ते ३ मार्च. शनिवारी सुरू होऊन रविवारी संपते, म्हणून तिच्यात पाच रविवार आले. शिवाय १९ फेब्रुवारीची शिवजयंती सोमवारी. केंद्र उघडं राहिलं २४ दिवस. गेल्या वर्षी ३ मार्चला संपणाऱ्या खिडकीत रविवार चारच, शिवजयंती त्यातल्याच एका रविवारी, आणि १८ फेब्रुवारीच्या शनिवारी महाशिवरात्र. उघडे दिवस २५. रोज सारखीच १०० क्विंटल आवक धरली तरी २,५०० चे २,४०० होतात आणि तक्ता चार टक्के घट दाखवतो.

वर्षाऐवजी ३६४ दिवस, म्हणजे बरोबर ५२ आठवडे मागे गेलं की ३ मार्चचा रविवार ५ मार्च २०२३ च्या रविवारावर येतो. तिथेही पाच रविवार आणि महाशिवरात्र, उघडे दिवस २४. जुळलं.

पण हे दर वेळी जुळणार नाही. गेल्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे यंदा महाशिवरात्र थेट ८ मार्चला आहे. वार जुळवता येतो, तिथी नाही. म्हणून कंपनीच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेपुढे ‘उघडं’ किंवा ‘बंद’ अशी नोंद ठेवली आणि एकूण आवकेखाली उघड्या दिवसामागची सरासरी दिली. निर्णय त्या सरासरीवर घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

१ एप्रिल

आर्थिक वर्ष काल संपलं. ‘मागच्या महिन्यात याच तारखेपर्यंत’ हा रकाना आज तपासला. ३१ मार्चमधून एक महिना वजा केला की २९ फेब्रुवारी येते, ३० मार्चमधूनही तीच, २९ मार्चमधूनही तीच. म्हणजे मार्चचा आकडा पुढे सरकतो, फेब्रुवारीचा तीन दिवस जागच्या जागी थांबतो. साध्या वर्षी २८ मार्चपासून चार दिवस हेच होतं.

फेब्रुवारी संपला की तो रकाना ‘महिना पूर्ण’ असं दाखवेल आणि टक्केवारीची जागा कोरी राहील, असं ठरवलं. एकतीस दिवसांच्या महिन्याची एकोणतीस दिवसांच्या महिन्याशी तुलना हवीच असेल, तर ती उघड्या दिवसाच्या सरासरीने करायची. ३० एप्रिलला हा प्रश्न नाही, मार्चला तीस तारीख आहे. पण मार्चची ३१ तारीख तुलनेत कधीच येत नाही. एप्रिलच्या तक्त्याखाली तशी टीप टाकायची आहे.