खालच्या टाक्यांची भीती

पूर्वी सिझरला घाबरणाऱ्या बायका यायच्या. आता नॉर्मलच्या भीतीने सिझर मागणाऱ्या येतात. आणि खोदून विचारलं तर कळांची भीती नसतेच, असते ती खालच्या टाक्यांची.

बँकेत नोकरी करणारी एक पहिलटकरीण चौतिसावा आठवडा भरल्यावर हेच घेऊन आली. जावेच्या वेळी न सांगता कात्री चालवली होती, पंधरा दिवस तिला धड बसता आलं नव्हतं. “मॅडम, माझं किती फाटेल?” तिने सरळच विचारलं. मीही सरळ सांगितलं. योनी आणि शौचाची जागा यांच्यामधला भाग पहिल्या बाळंतपणात बहुतेकींचा थोडाफार फाटतोच. कधी फक्त कातडी, कधी तिच्याखालचे स्नायू. या दोन्ही जखमा सहसा चांगल्या भरतात. खरी काळजी शौच रोखून धरणाऱ्या गोल स्नायूपर्यंत गेलेल्या जखमेची. ब्रिटनच्या आकडेवारीत पहिलटकरणींमध्ये ती शंभरात सहाजणींना होते.

कात्रीने चीर देण्याची, म्हणजे एपिझिओटॉमीची, सरसकट पद्धत रुळली ती जोसेफ डीली या अमेरिकी डॉक्टरांनी 1920 मध्ये तिचा पुरस्कार केल्यानंतर. फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, असा त्यामागचा विचार. पुढच्या चाचण्यांत तो टिकला नाही. प्रत्येकीला चीर दिली की मोठ्या जखमा कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून सरसकट चीर देऊ नका असंच सांगते. तरी ‘पहिलटकरीण म्हणजे चीर’ ही सवय आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून सुटलेली नाही, आणि ती आमच्या सोयीची सवय आहे, हे मान्य करायला हवं.

चीर लागते ती बाळाचे ठोके पडले आणि लवकर सुटका करायची असली तर, किंवा चिमटा लावावा लागला तर. आधी भुलीचं इंजेक्शन द्यायचं, बाईला सांगायचं आणि मगच कात्री घ्यायची. डोकं बाहेर येताना कातडी ताणलेली असते, तेव्हा मधल्या रेषेपासून साठ अंश तिरकं कापावं लागतं. कातडी सैल पडली की तोच कोन पंचेचाळिसाच्या आसपास येतो. याहून सरळ कापलं तर चीर गोल स्नायूकडे सरकते.

तिला मी मालिश शिकवलं. आठवड्यातून एकदा-दोनदा, पाच ते दहा मिनिटं. नखं कापलेली, हात धुतलेले, बिनवासाचं साधं तेल. उशीला टेकून बसायचं, अंगठा तीन-चार सेंटिमीटर आत घालून शौचाच्या जागेकडे दाबायचं, चुरचुरेपर्यंत ताण द्यायचा, तिथेच मिनिटभर थांबायचं आणि मग दोन्ही बाजूंना यू अक्षरासारखं फिरवायचं. पोट आड येत असेल तर नवऱ्याने मदत करावी. रक्त किंवा पाणी जात असेल, वार खाली असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर मात्र हात लावायचा नाही. फायदा मोजकाच आहे: साधारण पंधराजणींनी केलं तर एकीचे टाके वाचतात. पण ती चुरचुर ओळखीची होते. डोकं बाहेर येताना तीच आग होते आणि बाई दचकून सगळा जोर लावते. फाटतं ते बऱ्याचदा याच क्षणी.

तिच्या बाळंतपणात जोर लावायच्या काळात आम्ही तिथे कोमट पाण्याचा कपडा धरला. याने मोठ्या जखमा कमी होतात. डोकं दिसू लागल्यावर तिला कुशीवर घेतलं, एक हात डोक्यावर, दुसरा खाली आधाराला. “आता जोर नको, तोंडाने हा-हा कर,” म्हटलं. आग झाली तशी तिनेच मान हलवली. दोन-तीन कळांमध्ये डोकं सावकाश बाहेर आलं. चीर द्यावी लागली नाही, स्नायूपर्यंत थोडं फाटलं. भूल देऊन विरघळणाऱ्या धाग्याने शिवलं. शेवटी शौचाच्या जागेतून बोट घालून तपासलं. हे अवघडल्यासारखं वाटतं, पण गोल स्नायूची जखम सुटून जाते ती हे टाळल्यामुळेच.

पुढची भीती संडासची. टाके उसवतील म्हणून बायका दोन-दोन दिवस आवरून धरतात, मग खडा होतो. इसबगोल, भरपूर पाणी, आणि बसल्यावर स्वच्छ घडी टाक्यांवर धरायची. टाके असे उसवत नाहीत. लघवी झोंबते, तेव्हा वरून कोमट पाणी सोडायचं. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरायचा. खाटेखाली शेगडी-धुरी नकोच. आजीला वाईट वाटलं तरी चालेल, भाजलेले टाके मी पाहिलेत.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. वाढत गेलं, ताप आला, घाण वास आला किंवा जखम उघडली तर लगेच दाखवायचं. आणि वारा किंवा शौच आवरत नसेल तर ‘बाळंतपणानंतर असं होतंच’ या घरच्या समजुतीवर थांबायचं नाही. त्यावर उपाय असतात, पण बाई लाजेने सांगत नाही, म्हणून सहाव्या आठवड्याला हा प्रश्न मीच विचारते.